टेलरबाईचं स्वतःचं माप

अमळनेरात माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराची पुढची खोली, दोन मशीनं, एक पिको-फॉलचं मशीन, कटिंगचं टेबल आणि भिंतीला माणसाच्या उंचीचा आरसा, कारण ट्रायलला आलेल्या बाईला आरसा लागतोच. माझं मशीन त्या आरशाकडे पाठ करून ठेवलेलं होतं, चार वर्षं. कोणी विचारलं तर मी सांगायची की उजेड खिडकीतून येतो म्हणून. उजेड खरं तर दारातून येतो आणि मी चार वर्षं स्वतःच्या सावलीत शिवत बसले, डोळे दुखले तरी मशीन फिरवलं नाही.

घरातला बेडरूमचा आरसा गोदरेजच्या कपाटाला आहे, त्यावर मी ओढणी टाकून ठेवायची. केस विंचरायला छोटा आरसा, त्यात फक्त भांग दिसेल एवढाच. फोटो काढायचे म्हणलं की मी फोटो काढणारी व्हायची. दुसऱ्या बाळंतपणानंतर वजन वाढलं, मग पीसीओएस हा हार्मोन्सचा आणि पाळीचा त्रास निघाला, हनुवटीवर जाड काळे केस यायला लागले, मानेची घडी काळी पडली, आणि हे सगळं दोनेक वर्षांत असं झालं की आरशात बघितलं की मला वाटायचं ही कोण बाई आली दुकानात.

प्रकरण उघडं पडलं ते लग्नात. चुलत दिराच्या पोराचं लग्न होतं धरणगावला, मी स्वतःसाठी ब्लाऊज शिवला, आणि माप घेतलं नाही. वहीत माझं जुनं माप होतं त्यात अंदाजाने दोन इंच वाढवले आणि कापलं. जी बाई दिवसाला दहा बायकांची मापं घेते, तिने स्वतःचं माप घेतलेलं नाही! हळदीच्या वेळी हात वर केला आणि उजवा मुंढा टर्रकन उसवला. मे महिना, त्रेचाळीस-चव्वेचाळीसचं ऊन, आणि मी दिवसभर पदर दोन्ही खांद्यांवरून गुंडाळून बसले, घामाने ओली. सगळे म्हणत होते की टेलरबाई किती सोज्वळ.

रात्री माझी भाची खोलीत आली, ती पुण्याला नोकरी करते, अंगाने माझ्यासारखीच भरलेली, पण स्लीव्हलेस घालते आणि लग्नात सगळ्यात आधी नाचायला हीच. तिने मुंढा बघितला आणि मला रडू फुटलं. ती म्हणाली मावशी, तुला बॉडी पॉझिटिव्हिटीची गरज आहे.

एकवीस दिवसांचं सुंदर

भाचीने दोन गोष्टी केल्या. माझ्या मोबाईलवर तीस-चाळीस बायकांची खाती फॉलो करून दिली, सगळ्या जाड, सगळ्या आनंदी. आणि सांगितलं की रोज सकाळी आरशासमोर उभं राहून दहा वेळा म्हणायचं, मी सुंदर आहे, माझं माझ्या शरीरावर प्रेम आहे. एकवीस दिवस. कपाटाच्या आरशावर गुलाबी चिठ्ठीपण चिकटवून गेली.

मी मन लावून केलं हो. टेलरला शिस्त असते, लग्नसराईत रात्री दोनपर्यंत बसून डिलिव्हरी दिलेली आहे मी. पहिले दोन दिवस हसू आलं. तिसऱ्या दिवसापासून असं व्हायला लागलं की मी तोंडाने म्हणायची मी सुंदर आहे आणि आतून लगेच उत्तर यायचं, हो का, मग हनुवटीकडे बघ. म्हणायची माझं शरीरावर प्रेम आहे, आतून यायचं, म्हणून ओढणी टाकतेस का. दहा वेळा म्हणलं की दहा वेळा उत्तर. नवव्या दिवशी मी आरशासमोर उभी राहून चक्क पुरावे मोजत होते, सुंदर नसल्याचे, आणि ते मला एकेक करून सापडत होते. वर अजून एक ओझं चढलं, की आपण तर सुंदर नाहीच, पण आजकालच्या पोरींना जे जमतं ते स्वतःवर प्रेम करणंही आपल्याला जमत नाही. आधी एका परीक्षेत नापास होते, आता दोन.

अकराव्या दिवशी चिठ्ठी काढली. तिचा डिंक आरशावर राहिला तो अजून आहे.

दोष भाचीचा नव्हता हे मला पुढे कळलं. जळगावला एका समुपदेशक मॅडमकडे जायला लागले, एका गिऱ्हाईकानेच नंबर दिला होता, सकाळच्या पॅसेंजरने जायचं आणि दुपारी परत यायचं. त्यांना मी हे एकवीस दिवसांचं सांगितलं तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही. म्हणाल्या कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलेलं आहे, २००९ साली छापून आलं. लोकांना स्वतःशी एक वाक्य परत परत म्हणायला लावलं, साधारण असं की मी प्रेम करण्यालायक माणूस आहे. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच बरं होतं त्यांना किंचित छान वाटलं. ज्यांचं मत वाईट होतं त्यांना ते वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षाही वाईट वाटलं. म्हणजे औषध ज्याला पाहिजे त्यालाच बाधतं. त्यात अजून एक मजेशीर गोष्ट निघाली, की त्याच लोकांना हे वाक्य कुठे खरं आहे आणि कुठे खरं नाही असा दोन्ही बाजूंनी विचार करायची मोकळीक दिली, तर त्यांना तुलनेने बरं वाटलं. जबरदस्तीने नुसतं गोड बोलायला लावलं की मन भांडायला उठतं, मॅडम म्हणाल्या.

मला हे एकदम पटलं कारण दुकानात मी हे रोज बघते. ट्रायलला बाई म्हणते ताई माझे दंड किती जाड दिसतात, आणि मी जर म्हणलं नाही हो, किती छान दिसता, तर ती लगेच दुसरा दंड पुढे करते, हा बघा. पटवायला गेलं की समोरची वकील होते.

मग ते न्यूट्रल म्हणजे काय

मॅडमनी बॉडी न्यूट्रॅलिटी हा शब्द सांगितला तेव्हा मला वाटलं हे पॉझिटिव्हिटीचंच स्वस्तातलं मॉडेल असणार. तसं नाहीये. दोन्हींची घराणी वेगळी आहेत.

बॉडी पॉझिटिव्हिटीची मुळं आरशात नाहीतच. १९६९ साली अमेरिकेत जाड माणसांच्या हक्कांसाठी संघटना निघाली, तिच्या नावाची आद्याक्षरं जोडली की नाफा होतं (आमच्या जळगावच्या सराफ बाजारात शोभेल असं नाव). त्यांचं भांडण काय होतं, तर नोकरीत डावलतात, डॉक्टर धड तपासत नाहीत, चारचौघांत टिंगल करतात. ते जगाशी भांडण होतं. मग बऱ्याच वर्षांनी इंस्टाग्राम आलं आणि त्याचं झालं आरशासमोर उभं राहून स्वतःला सुंदर म्हणणं, म्हणजे जे काम जगाने बदलायचं होतं ते बाईच्या गळ्यात पडलं, की तूच स्वतःवर प्रेम कर. हे माझं मत आहे, भाचीला पटत नाही.

न्यूट्रॅलिटी हा शब्द २०१५च्या सुमारास पसरला, अमेरिकेत व्हरमाँटमधल्या एका केंद्रात ॲन पॉइरियर नावाच्या बाई त्याच नावाने कार्यक्रम घ्यायच्या. तिथे सुंदर-कुरूप हा प्रश्नच बाजूला ठेवतात. शरीर आहे, ते असं असं आहे, आणि आज मला त्याच्याबद्दल मत बनवायची गरज नाही. प्रेम करायचं नाही, द्वेष करायचा नाही. मी म्हणलं मॅडम, हे तर मी रोज करते, गिऱ्हाइकांच्या बाबतीत.

मॅडम थांबल्या. म्हणाल्या कसं?

मी म्हणलं माप घेताना मी कोणाला जाड-बारीक म्हणतच नाही. छाती ४०, कंबर ३६, तीरा म्हणजे खांद्याची रुंदी साडेचौदा, मुंढा, बाहीघेर, गळा पुढून सात, मागून नऊ. वहीत कुठेही लिहिलेलं नाही की ही बाई बेढब आहे. आणि माझ्याकडे येणारी जवळपास प्रत्येक बाई टेप लावायच्या आधी माफी मागते, ताई माझं पोट बघू नका, ताई माझा खांदा पडलेला आहे, ज्या बाईला मी मनातून म्हणते की काय सुंदर बाई आहे तीसुद्धा माफी मागते. मला त्याचं काहीच नसतं, मला फक्त आकडा पाहिजे असतो नाहीतर ब्लाऊज बिघडतो.

मॅडम म्हणाल्या, मग आपण तुमची वही वापरू.

आधी खडूच्या रेघा

आरशाकडे लगेच नाही गेलो. आधी त्यांनी बरेच प्रश्न विचारले. दिसण्याचा विचार दिवसाचा एक तासापेक्षा जास्त खातो का, त्यामुळे घराबाहेर जाणं बंद झालंय का, जो दोष मला दिसतो तो इतरांना दिसतो की मलाच, जेवण टाळते का, खाल्लेलं उलटून काढते का, जीव द्यावासा वाटतो का. हे का विचारता म्हणलं तर म्हणाल्या बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणून आजार असतो, त्यात लोकांना जवळजवळ न दिसणारा दोष माणसाला दिवसभर खातो, त्याला वेगळे उपचार आणि कधी औषधं लागतात, आणि खाण्याचा आजार असेल तर तो आधी बघावा लागतो, नुसत्या आरशाच्या व्यायामावर सोडता येत नाही. माझं तसं नव्हतं. पण ज्याचं तसं असेल त्याने माझं हे वाचून घरीच आरसा लावून बसू नये, मानसोपचार तज्ज्ञाला दाखवावं, आणि जवळ कोणी नसेल तर सरकारचा टेलिमानसचा १४४१६ नंबर आहे, फुकट.

मग गृहपाठ दिला. तीन दिवस मोजायचं, की दिवसातून किती वेळा मी स्वतःला तपासते. मी म्हणलं मी तर आरसाच बघत नाही. त्या म्हणाल्या बोटांनी? आणि मी हात खाली घेतला, कारण बोलता बोलता माझं बोट हनुवटीवरच होतं.

कटिंग टेबलाच्या कडेला कागद ठेवला आणि प्रत्येक वेळी खडूने रेघ मारली. हनुवटी चाचपली की रेघ, पोटावर पदर ओढला की रेघ, काचेच्या दारात बाजूने बघितलं की रेघ, दुसऱ्या बाईच्या दंडाशी मनात तुलना केली की रेघ. पहिल्या दिवशी ४१. दुसऱ्या दिवशी ३८. तिसऱ्या दिवशी लग्नाची ऑर्डर होती तरी ४६. मला वाटत होतं मी स्वतःकडे बघतच नाही आणि मी जागेपणी तासाला अडीच-तीन वेळा स्वतःची झडती घेत होते.

याला बॉडी चेकिंग म्हणतात, आणि ओढणी टाकणं, फोटो टाळणं, माप न घेणं याला टाळाटाळ. दोन्ही एकाच रोगाचे हातपाय आहेत असं मॅडमनी समजावलं. तपासलं की फक्त दोषच दिसतो कारण आपण दोषाकडेच जातो, अख्खा चेहरा सोडून हनुवटीचा चौरस इंच. आणि टाळलं की त्या चौरस इंचाचं मनातलं चित्र फुगत जातं, खरं काय आहे ते कधी कळतच नाही. माझ्या डोक्यात तर ब्लाऊजचं माप ३६चं होतं आणि चेहरा मात्र राक्षसाचा, दोन्ही चूक.

आरशासमोर वही घेऊन

पद्धत साधी आहे. पूर्ण आरसा, त्यापासून चारेक फूट लांब, म्हणजे नाक आरशाला लागेल असं उभं राहायचं नाही. दिवसाचा साधा उजेड. अंगावर घरचे बऱ्यापैकी बसणारे कपडे, मॅक्सी नाही कारण मॅक्सीत सगळं लपतं. आधी त्रास शून्य ते शंभर यात किती वाटतोय ते लिहायचं. मग डोक्यापासून पायापर्यंत क्रमाने, एकही भाग न सोडता आणि एकावरही जास्त न रेंगाळता, मोठ्याने वर्णन करायचं, जणू पलीकडच्या खोलीत कोणी चित्र काढतंय आणि त्याला दिसत नाहीये. शब्द फक्त रंगाचे, आकाराचे, मापाचे, जागेचे. जाड, घाण, सुंदर, बरं, काहीच चालणार नाही. दहा मिनिटं. शेवटी परत आकडा लिहायचा, आणि आकडा चढलेला असताना पळून जायचं नाही, थोडा उतरेपर्यंत उभं राहायचं. आठवड्यातून दोनदा, आणि पहिली दोन वेळ त्यांच्यासमोरच.

पहिल्यांदा माझा आकडा ८० होता. मी सुरुवात केली, केस काळे, उजव्या कानावर पांढरे, दोन बोटं रुंदीचा पट्टा. कपाळ सपाट, एक आडवी रेघ. भुवया जवळ आलेल्या. हनुवटीला आले आणि म्हणलं, इथे ते घाणेरडे केस. मॅडम म्हणाल्या, घाणेरडे हे माप कितीचं असतं? मी हसले, रडले पण. परत म्हणलं, हनुवटीच्या खाली डाव्या बाजूला सात-आठ केस, काळे, तांदळाच्या दाण्याएवढे. सात-आठ! माझ्या मनात जंगल होतं. संपवलं तेव्हा आकडा ७५. म्हणलं एवढ्यासाठी मी पॅसेंजरचे धक्के खाल्ले का.

घरी करायला लागले तेव्हा चुकाही बऱ्याच झाल्या आणि त्या सांगते कारण त्या सगळ्यांच्या होतील.

पहिली म्हणजे शब्द न्यूट्रल आणि सूर मात्र सासूचा. "पोट पुढे आहे" हे वाक्य वर्णन आहे, पण मी ते अशा आवाजात म्हणायची की शेजारीण ऐकून सांत्वनाला आली असती. मॅडमनी उपाय दिला की मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. ऐकलं आणि कळलं, की डोक्याचं वर्णन मी गिऱ्हाइकाच्या मापासारखं सपाट वाचते आणि कंबरेला आले की आवाज खाली जातो. मग मी खरंच वही हातात घेतली आणि मापाच्या क्रमानेच गेले, तीरा, छाती, कंबर, मुंढा, बाही, तशी. त्या क्रमाला माझी जीभ वीस वर्षं सरावलेली, तिथे सूर आपोआप सपाट येतो.

दुसरी चूक वेळेची. दहा मिनिटांतली सात मिनिटं पोटावर जायची. ज्यांना स्वतःचं शरीर आवडत नाही त्यांची नजर न आवडणाऱ्या भागावरच जास्त जाते हे संशोधनातही दिसलेलं आहे, मॅडम म्हणाल्या. मग मी प्रत्येक भागाला दोन वाक्यं ठरवली, दोनच. पोटालाही दोन आणि कानालाही दोन. कानाबद्दल दोन वाक्यं सुचणं किती अवघड आहे करून बघा, मला चाळिशीच्या तोंडावर कळलं की माझा एक कान दुसऱ्यापेक्षा जरा वर आहे.

तिसरी, आणि ही सगळ्यात घातक, आरशाचं झालं की मी फोनचा पुढचा कॅमेरा लावून हनुवटी झूम करून बघायची. म्हणजे औषध घेऊन वर विष. शिवाय फोनचा चेहरा खराही नसतो. हात वाकवून साधारण तीस सेंटीमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाक दीड मीटरवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळपास तीस टक्के रुंद दिसतं, अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८मध्ये गणित करून दाखवलं आहे. जवळचं मोठं दिसतं एवढंच ते, कापड कॅमेऱ्याजवळ धरलं की बुट्टा मोठा दिसतो तसं. हे कळल्यावर सेल्फी बघून रडणं जरा कमी झालं.

तिसऱ्या आठवड्यात आकडा ६० वर सुरू होऊन ४० वर संपला. मग एकदा परत ८५, कारण त्या दिवशी पाळी जवळ आलेली आणि एका गिऱ्हाइकाने मागचा ब्लाऊज बिघडवला म्हणून सुनावलं होतं. सहाव्या आठवड्यात एक दिवस असा आला की मी वर्णन करता करता कंटाळले. अक्षरशः जांभई आली. घाबरून मॅडमना फोन केला की माझं लक्ष लागत नाहीये, तर त्या खूश झाल्या. म्हणाल्या हेच पाहिजे होतं. मला मात्र वाटत होतं शेवटी काहीतरी प्रकाश पडेल, संगीत वाजेल.

हातांचं कौतुक आणि त्याची अडचण

मधे एक लिहायचा प्रकार पण दिला होता. नेदरलँड्समधल्या जेसिका अलेव्हा यांचा, २०१५चा, पंधरा-पंधरा मिनिटांची तीन लिखाणं, शरीर दिसतं कसं हे सोडून ते करतं काय यावर. मला हातांवर लिहायला भारी जमलं. कापड दोन बोटांत धरलं की उभा धागा कुठला आणि आडवा कुठला हे मला न बघता कळतं. पायाला मशीनचा वेग कळतो. थंडीत भरीत पार्टीला वीस जणांची वांगी भाजली आणि कळण्याच्या भाकरी थापल्या त्या याच जाड दंडांनी.

पण पाळीवर आणि पोटावर लिहायला घेतलं तर पेन चालेना. काय लिहू, की हे नीट काम करत नाही? माझ्या नणंदेला संधिवात आहे, तिला मी उत्साहाने हे करायला सांगितलं तर ती म्हणाली वहिनी, माझी बोटं सकाळी तासभर वळत नाहीत, त्यांचे आभार कशाचे मानू. बरोबर होतं तिचं. शरीर काम करतं म्हणून त्याला मान द्यायचा असं म्हणलं की आजारी शरीर परत नापास होतं. मॅडमशी बोलले तर त्या म्हणाल्या तिने ते सोडून द्यावं, न्यूट्रलला आभारही लागत नाहीत. बोटं आज वळत नाहीत, एवढंच. नणंदेला ते वाक्य आवडलं.

आणि न्यूट्रल म्हणजे हातावर हात ठेवणं पण नाही हे मला उशिरा समजलं. मानेचा काळपटपणा मळ नसतो, बऱ्याचदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण असते, आणि मी वर्षभर तो दगडाने घासत होते. टाळाटाळीत साखरेची तपासणीही टाळलेली होती, कारण दवाखान्यात गेलं की वजनकाटा. इथे मात्र मला भाचीची पॉझिटिव्हिटी उपयोगी पडली, जिथे तिचं मूळ आहे तिथेच. एका डॉक्टरांनी गुडघा न तपासता आधी वजन कमी करा म्हणून पाठवायला बघितलं तेव्हा भाचीने फोनवर शिकवलेलं वाक्य मी म्हणलं, की डॉक्टर, हाच त्रास घेऊन बारीक बाई आली असती तर तुम्ही काय तपासलं असतं? त्यांनी तपासलं. हे वाक्य मला न्यूट्रॅलिटीने कधी दिलं नसतं.

हनुवटीचे केस मी काढते. आधी वाटलं हे न्यूट्रलमध्ये बसतं का. मॅडमनी विचारलं नखं कापता का, कशी कापता, चाचपून चाचपून दिवसातून चाळीस वेळा का वाढली की एकदा? तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी थ्रेडिंग, वाढलेले असोत नसोत. मधल्या दिवसांत बोट तिथे गेलं तर रेघ. रेघा आता दिवसाला सहा-सात असतात, लग्नसराईत दहा.

कोणाला काय

भाचीशी यावर आमची वादावादी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला झाली, झोक्यावर बसून, आमरस पोळी खाऊन दोघी सुस्त. तिचं म्हणणं मावशी, न्यूट्रल म्हणजे शरणागती, लोक नावं ठेवणार आणि आपण म्हणणार काही मत नाही. मी तिला विचारलं तू आरशात बघतेस तेव्हा तुला काय वाटतं खरं सांग. ती म्हणाली छान वाटतं, मला माझा चेहरा आवडतो, मला राग लोकांचा येतो. तिथेच मला फरक दिसला. तिचं भांडण बाहेर आहे, तिला आरशात मैत्रीण दिसते, तिने मी सुंदर आहे म्हणलं की आतून कोणी उलटं बोलत नाही. तिला ते वाक्य लागू पडणारच. माझं भांडण आरशातल्या बाईशीच होतं, आणि जिच्याशी अबोला आहे तिला एकदम मिठी मारायला सांगितलं तर नाही जमत हो, आधी नुसतं एका खोलीत बसता आलं पाहिजे. पुढे कधी सुंदर वाटलं तर वाटू दे, मी अडवणार नाही, पण मी त्याची वाट बघत नाहीये.

त्याच संध्याकाळी माझी मावशी आली, दारातूनच ओरडली, "माय वं, कितली जाडी व्हई गई वं तू!" दरवर्षी या वाक्यावर मी मोरीत जाऊन रडायची. भाची तलवार काढून उभी राहिलीच होती. मी म्हणलं, "हाव मावशी, व्हई गई. बठ, चहा ठेवस." मावशी बसली. तिला पुढचं वाक्य सुचेना, मग सांजोऱ्यांचा विषय निघाला आणि तो तासभर चालला. आतून त्रास शून्य नव्हता, २५ असेल. पण मोरीत गेले नाही.

श्रावणात आमची खानदेशातली देवी कानबाई बसते आमच्याकडे, त्यासाठी मला नवा ब्लाऊज पाहिजे होता. मागच्या महिन्यात दुकान बंद केल्यावर लेकीला हाक मारली, ती अकरा वर्षांची आहे. टेलरला स्वतःचा तीरा स्वतः घेता येत नाही, मागून कोणीतरी लागतंच. ती स्टुलावर उभी राहिली, मी आरशाकडे तोंड करून, ती टेप धरायची आणि आकडा मोठ्याने वाचायची आणि मी वहीत लिहायचे. तीरा १५. छाती ४२. कंबर ३९. मुंढा १८. बाहीघेर साडेचौदा. बाहीघेरला माझ्या मनात चमकून गेलं, जुन्या वहीत साडेअकरा होता, पण लेकीचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं, ती विचारत होती की टेप आडवी सरळ आहे का पाठीमागे वर गेली आहे.

वर गेली होती. तिला परत धरायला लावली, आकडा पाव इंचाने बदलला, तो खोडून नवा लिहिला. पानावर माझ्या वर एका शिक्षिका बाईंचं माप आहे आणि खाली एका नवरीचं.

"आई, गळा किती ठेवायचा?"

मागून नऊ, म्हणलं. मग विचार केला आणि दहा लिहिले.